ठेव किती वर्षांची, कर्ज कोणत्या दराने: यील्ड कर्व्ह वाचून घेतलेले दोन निर्णय

2023च्या उन्हाळ्यात आमच्या घरात एकाच वेळी दोन उलट प्रश्न उभे राहिले. बाबांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यातले जुने माग विकले होते आणि आलेली रक्कम कुठेतरी ठेवायची होती. धाकट्या भावाला त्याच शेडमध्ये टॉवेलसाठी रेपियर माग बसवायचे होते, म्हणून त्याला कर्ज हवं होतं. एकाला व्याज जास्त हवं, दुसऱ्याला कमी. कारखान्याचे हिशेब मी बघते, त्यामुळे दोघांचेही कागद माझ्याच टेबलावर.

पहिला अडथळा बाबांच्या ठेवीत आला. बँकेच्या दरपत्रकात 400 दिवसांच्या ठेवीला 7.10 टक्के होते आणि पाच वर्षांच्या ठेवीला 6.50. बाबा म्हणाले, "जास्त दिवस पैसे अडकवायचे आणि व्याज कमी घ्यायचं? हे कुठलं गणित?" प्रश्न रास्त होता. पैसे जितका काळ दुसऱ्याच्या हातात, तितकी महागाईची आणि अडीअडचणीची जोखीम मोठी, म्हणून व्याजही जास्त, हेच आपण धरून चालतो. मग बँक उलटं का करते? माझा अंदाज असा होता, की पुढे व्याजदर उतरतील असं बँकेला वाटत असणार. आज सात टक्के द्यायला तिची हरकत नव्हती, पण तोच दर पाच वर्षं देत राहण्याचं बंधन तिला नको होतं.

पण एका बँकेच्या दरपत्रकावर विसंबणं बरोबर नव्हतं. बँकेला त्या महिन्यात कुठल्या मुदतीचा पैसा कमी पडतोय, यावरही ठेवीचे दर ठरतात. सगळ्या बाजाराचं मत बघायचं तर सरकारी रोख्यांकडे जावं लागतं, कारण तिथे कर्जदार एकच असतो आणि पैसे बुडण्याची भीती जवळपास नसते. मग मुदतीनुसार दरात जो फरक उरतो, तो मुख्यतः काळाचा आणि अपेक्षांचा. बँकेतून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी वाट दाखवली. सरकार वर्षभराच्या आतल्या मुदतीसाठी कर्ज घेतं ते ट्रेझरी बिलांवर. 91, 182 आणि 364 दिवसांच्या या बिलांचा लिलाव रिझर्व्ह बँक बुधवारी घेते आणि निकालात कट-ऑफ यील्ड छापून येतं. यील्ड म्हणजे लिलावातल्या किमतीला घेतल्यावर पडणारा वार्षिक परतावा. लांब मुदतीच्या रोख्यांचे लिलाव सहसा शुक्रवारी होतात. हे आकडे घ्यायचे, आडव्या अक्षावर मुदत, उभ्यावर यील्ड, आणि ठिपके जोडायचे. झाला यील्ड कर्व्ह. काकांनी एक गोष्ट बजावली: "राज्य सरकारांचे रोखे किंवा बँकेच्या ठेवी त्यात मिसळू नकोस. त्यांचे दर थोडे वेगळे असतात, आणि तुला नसलेला चढ दिसायला लागेल."

मी आलेखाच्या एकाच कागदावर दोन रेषा काढल्या. एक मे 2021ची, एक चालू महिन्याची. 2021मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने थोड्या दिवसांसाठी पैसे देते तो, 4 टक्के होता. 91 दिवसांचं बिल साडेतीनच्या खाली, 364 दिवसांचं पावणेचारच्या आसपास आणि दहा वर्षांचा रोखा सहाच्या जवळ. रेषा उभी चढत होती. 2023मध्ये रेपो 6.50 झाला होता. एक वर्षाचं बिल साधारण 6.9 आणि दहा वर्षांचा रोखा 7च्या थोडा वर. रेषा जवळजवळ आडवी. दोन वर्षांत डावं टोक तीन टक्क्यांहून जास्त वर आलं, उजवं टोक जेमतेम एक टक्का. बाबांनी कागदाच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे टोक का नाही हललं?"

सगळा अर्थ या प्रश्नात आहे. डावं टोक रिझर्व्ह बँकेच्या हातात असतं. ती रेपो बदलते तसे छोट्या मुदतीचे दर सरकतात. उजवं टोक मात्र पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधणारे लोक ठरवतात. आजचे चढे दर टिकणार नाहीत असं पैसे देणाऱ्याला वाटलं, तर तो आजच लांब मुदतीचा रोखा घेऊन तो दर बांधून ठेवतो. अशी मागणी वाढली की रोख्याची किंमत चढते आणि त्याचं यील्ड उतरतं, कारण कागदावरचं व्याज ठरलेलं असतं आणि ते मिळवायला आता जास्त पैसे मोजावे लागतात. त्याच वेळी पैसे घेणारा नेमका उलट वागतो. पुढे स्वस्त मिळणार असेल तर आज दहा वर्षांसाठी महाग कर्ज कोण घेईल? तो छोट्या मुदतीचं घेऊन वाट बघतो, त्यामुळे डाव्या टोकाला गर्दी होते आणि तिथला दर चढा राहतो. दोघांच्या वागण्यातून रेषा आडवी होते, आणि अपेक्षा फार तीव्र असेल तर उलटी, म्हणजे डावीकडे उंच आणि उजवीकडे खाली. 2021च्या चढत्या रेषेत याच्या विरुद्ध गोष्ट होती: दर आत्ता तळाला आहेत, धंदा सावरेल, महागाई वाढेल, दर वर जातील.

भावाला यापेक्षा वेगळी काळजी होती. आमचा बराच माल मुंबईच्या निर्यातदारामार्फत अमेरिकेला जातो, आणि तिथला कर्व्ह जुलै 2022पासून उलटा होता. दोन वर्षांच्या रोख्याला दहा वर्षांच्या रोख्यापेक्षा जास्त यील्ड. बातम्यांत सगळीकडे मंदी. तो म्हणाला, "ताई, माग येऊन उभे राहतील आणि ऑर्डर थांबतील."

म्हणून मी तिथले आकडे उलगडून बघितले. 2022च्या अखेरीस अमेरिकेत एक वर्षाचं यील्ड सुमारे 4.7 टक्के होतं आणि दोन वर्षांचं सुमारे 4.4. समजा 100 डॉलर आहेत. थेट दोन वर्षांसाठी लावले तर 4.4 टक्क्यांनी त्यांचे जवळपास 109 होतात. आधी एकच वर्ष लावले तर 104.70 होतात. मग दुसऱ्या वर्षी किती दर मिळाला तर दोन्ही वाटा सारख्या ठरतील? 109 भागिले 104.70, म्हणजे साधारण 4.1 टक्के. वर्षभराने एक वर्षाचा दर 4.7वरून 4.1पर्यंत उतरेल, असं त्या दोन आकड्यांतून बाजार सांगत होता. व्याजदर असे उतरतात ते बहुतेक वेळा धंदा थंडावल्यावर, महागाई निवल्यावर. म्हणून उलट्या कर्व्हला मंदीची खूण मानतात, आणि अमेरिकेत ती अनेकदा खरी ठरली आहे. 2006-07मध्ये कर्व्ह उलटा झाला आणि डिसेंबर 2007पासून मंदी सुरू झाली.

यावेळी तसं झालं नाही. 2023च्या अखेरीस अमेरिकेतला एक वर्षाचा दर 4.1 नव्हता, 4.8च्या जवळ होता. 2024च्या उत्तरार्धापर्यंत कर्व्ह उलटा राहिला आणि त्या काळात मंदी आली नाही. कर्व्हमध्ये त्या दिवशी पैसे लावणाऱ्यांचं सरासरी मत असतं. ते चुकू शकतं, आणि बरोबर असलं तरी तारीख सांगत नाही.

आपल्याकडे तर आणखी सांभाळून वाचावं लागतं. बँकांना ठेवींचा ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो. विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह निधी लांब मुदतीचे रोखे घेत राहतात, कारण त्यांची देणीही लांबची असतात. त्यांच्या खरेदीमागे अर्थव्यवस्थेबद्दलचा अंदाज असेलच असं नाही, पण उजवं टोक त्यामुळे दबतं. काकांनी 2013चं उदाहरण दिलं, ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्या वर्षी रुपया घसरत होता. 15 जुलैला रिझर्व्ह बँकेने बँकांना तातडीने मिळणाऱ्या पैशाचा, म्हणजे एमएसएफचा, दर 8.25वरून 10.25 टक्क्यांवर नेला. रेपो 7.25वर तसाच होता. छोट्या मुदतीच्या बिलांचं यील्ड दहा वर्षांच्या रोख्याच्या वर गेलं आणि कर्व्ह उलटा झाला. पण ते रुपया वाचवण्यासाठी डाव्या टोकाला मुद्दाम आवळलेलं होतं. म्हणून कर्व्ह उलटा किंवा आडवा दिसला की मी आधी बघते, कुठलं टोक हललं आणि ते कोणी हलवलं.

एवढं समजून घेतल्यावर आम्ही ठरवलं. बाबांची निम्मी रक्कम 400 दिवसांच्या ठेवीत गेली. उरलेल्या निम्म्यातून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवर खातं उघडून 2033ला संपणारा 7.26 टक्क्यांचा सरकारी रोखा घेतला. तिथे दहा हजारांपासून सुरुवात करता येते, आणि आपल्याला बोली लावावी लागत नाही, लिलावात ठरलेल्या सरासरी दराने रोखा मिळतो. ठेवीचा दर रोख्याच्या जवळपास होता, पण वर्षभराने ती मोकळी झाल्यावर तो दर पुन्हा मिळेलच असं नव्हतं. रोख्याचा दर दहा वर्षांसाठी बांधला गेला. मात्र मध्येच विकायची वेळ आली आणि तेव्हा बाजारातले दर चढलेले असले, तर त्याची किंमत कमी मिळते. बाबांना ते पैसे लगेच लागणार नव्हते, म्हणूनच हा मार्ग घेतला.

भावाने रेपोशी जोडलेल्या बदलत्या दराचं कर्ज घेतलं. पाच वर्षांचा स्थिर दर दुसरीकडे मिळत होता, पण तो थोडा जास्त होता. आडव्या कर्व्हमध्ये दर आणखी बरेच चढतील अशी अपेक्षा दिसत नव्हती, मग त्या विम्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नव्हता. माग त्याने दोन टप्प्यांत मागवले, कारण ऑर्डरची काळजी खरी होती.

त्यानंतर फेब्रुवारी 2025पर्यंत रेपो 6.50वरच राहिला. भाऊ दर दोन महिन्यांनी पतधोरणाची बातमी बघायचा आणि हप्ता तसाच. मग कपात सुरू झाली, आणि डिसेंबर 2025मध्ये रेपो 5.25वर आला. बाबांची ठेव तोवर एकदा जवळपास त्याच दराने नव्याने ठेवून झाली होती. ती पुन्हा मोकळी झाली, तेव्हा त्याच प्रकारच्या ठेवीला साडेसहाच्या आसपास मिळत होतं. ऑर्डर अडखळल्या त्याही 2025मध्ये, ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयात शुल्क लावल्यावर. उलट्या कर्व्हमध्ये ती गोष्ट कुठेच नव्हती.

2025 सरताना मी पुन्हा रेषा काढली. एक वर्षाचं बिल साडेपाचच्या जवळ, दहा वर्षांचा रोखा साडेसहाच्या आसपास. चढ परत आला आहे. त्यातला किती भाग धंदा वाढेल आणि दर वर जातील या अपेक्षेचा, आणि किती केंद्र-राज्यांनी बाजारात आणलेल्या भरमसाट रोख्यांचा, हे नुसत्या रेषेवरून वेगळं करता येत नाही. म्हणून आता बुधवारच्या निकालाबरोबर मी सरकारच्या सहामाही कर्जउभारणीचं वेळापत्रकही बघते. लांब मुदतीच्या रोख्यांचा पुरवठा घटूनही उजवं टोक वरच राहिलं, तर भावाला स्थिर दराची चौकशी करायला सांगणार आहे.