एकोणीसचे अकरा झाले होते: लेकीची जन्मतारीख शाळेत दुरुस्त करून घेण्याचा माझा अनुभव

माझी मुलगी नववीत होती. डिसेंबर २०२४ मध्ये वर्गशिक्षिकेचा निरोप आला, की अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक, तयार होत नाही, आधार आणि शाळेच्या माहितीतली जन्मतारीख जुळत नाही, एकदा येऊन जा. मला वाटलं आधारमध्येच काही चुकलं असेल. आधार काढून पाहिलं तर १९ जून २०१०, अगदी बरोबर. ससूनमधून मिळालेल्या जन्माच्या कागदावर, महापालिकेच्या दाखल्यावर, सगळीकडे १९. शाळेत मात्र ११ जून होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशिरा जाते म्हणून सांगितलं आणि शाळेत गेले. कार्यालयातल्या क्लार्क बाईंनी पोर्टलवरची माहिती दाखवली. मी म्हटलं, "मग इथे एकचं नऊ करून टाका ना." त्या म्हणाल्या, "ताई, पोर्टलवर जे आहे ते रजिस्टरवरून घेतलंय. आधी रजिस्टर दुरुस्त व्हायला हवं आणि ते आमच्या हातात नाही." मग सहज म्हणून त्यांनी एक सुचवलंही. आठ दिवसांचाच फरक आहे, आधारवर ११ करून घ्या, लगेच जुळेल.

हा सल्ला त्या दिवशी मला फार सोयीचा वाटला होता, म्हणून त्याबद्दल आधी लिहिते. आधारवरची जन्मतारीख बदलायला जन्मदाखला लागतो आणि जन्मदाखल्यावर १९ आहे. म्हणजे खरा कागद दाखवून खोटी तारीख मिळणारच नाही. शिवाय जन्मतारीख बदलण्याची संधी साधारणपणे एकदाच मिळते. समजा कसंबसं जमलं असतं, तरी पुढे पासपोर्टच्या वेळी जन्मदाखला एक सांगणार आणि दहावीचं प्रमाणपत्र दुसरं. चूक जिथे झाली तिथेच ती दुरुस्त करायची, हे घरी येऊन नवऱ्याशी बोलल्यावर पक्कं केलं.

त्याच रात्री मी मुख्याध्यापिका बाईंना पत्र लिहिलं. विषय लिहिला, "जन्मतारीख बदलून मिळणेबाबत". खाली पानभर मजकूर: मुलीचं नुकसान होईल, आम्हाला फार काळजी वाटते, सहकार्य करावे. सोबत आधारची झेरॉक्स. बाईंनी ते शांतपणे वाचलं आणि परत दिलं. त्यांचं म्हणणं मला त्यांच्याच शब्दांत आठवतं. "तुम्ही 'बदलून' लिहिलंय. बदल म्हणजे आधीची तारीख खरी होती आणि आता तुम्हाला दुसरी हवी आहे. अशी पत्रं वयाच्या फायद्यासाठी येतात, ती वर कोणी मंजूर करत नाही. तुमची चूक कुठे झाली ते शोधा आणि तेवढंच लिहा."

चूक कुठे झाली हे शोधणं हाच खरा भाग निघाला. माझी मुलगी चौथीपर्यंत दुसऱ्या शाळेत होती. पहिलीत २०१६ साली प्रवेश घेताना आम्ही जन्मदाखला जोडला होता. पाचवीला या शाळेत आली तेव्हा प्राथमिक शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला इथे जमा केला. तो मूळ दाखला शाळेकडेच राहतो, आपल्याकडे परत येत नाही. आमच्याकडे त्याची झेरॉक्ससुद्धा नव्हती. म्हणजे दोन शक्यता होत्या. प्राथमिक शाळेच्या रजिस्टरमध्येच ११ असेल, तर काम तिथून सुरू करावं लागणार होतं. तिथे १९ असेल, तर या शाळेत उतरवून घेताना घोटाळा झाला होता.

मी प्राथमिक शाळेत जाऊन प्रवेश निर्गम उतारा, म्हणजे तिथल्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल, मागितली. साधा अर्ज दिला, चार दिवसांनी सही-शिक्क्याचा उतारा मिळाला. त्यात तारीख होती १९-०६-२०१० आणि शेजारी अक्षरी, "एकोणीस जून दोन हजार दहा". मी तिथेच बाकावर बसून तो दोनदा वाचला.

उतारा घेऊन परत हायस्कूलमध्ये गेले. क्लार्क बाईंनी मुलीचं जनरल रजिस्टर काढलं, आणि शिपाई मामांनी पाचवीच्या प्रवेशाच्या कागदांचा गठ्ठा माळ्यावरून उतरवला. मूळ दाखला सापडला. निळ्या शाईत, हाताने लिहिलेला. त्यावरचा नऊ असा काढला होता, की वरचं गोल अगदी लहान आणि खालची शेपूट सरळ. आपल्या देवनागरीत एक आणि नऊ हातानं घाईत लिहिले, की हे असं होतं. रजिस्टर लिहिणाऱ्यांनी तो १ वाचला, आणि मग अक्षरी रकाना दाखल्यावरून न घेता आपल्याच वाचलेल्या आकड्यावरून भरला: "अकरा जून". दाखल्यावर त्याच ओळीत अक्षरी "एकोणीस" स्पष्ट लिहिलं होतं. ते पाहून क्लार्क बाई म्हणाल्या, "हे तर सरळ लेखनदोष आहे."

हा शब्द मला त्यांच्याकडून मिळाला, आणि पुढचं पत्र त्याच्यावरच उभं राहिलं. माध्यमिक शाळा संहितेनुसार जनरल रजिस्टरमधल्या जन्मतारखेला मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात हात लावू शकत नाहीत, शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. त्यामुळे मुख्याध्यापकांना "दुरुस्त करा" एवढंच लिहून उपयोग नसतो, "प्रस्ताव पाठवा" असं मागावं लागतं. आणि हे सगळं मूल शाळेच्या पटावर असतानाच करायचं. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला, की उघड लेखनदोषाखेरीज दुरुस्तीला जवळजवळ वावच राहत नाही.

दुसरं पत्र असं होतं. नावं आणि क्रमांक सोडून जसंच्या तसं देते, कारण मला तेव्हा असा एक नमुना हवा होता आणि मिळाला नव्हता.

*प्रति, मा. मुख्याध्यापिका, (शाळेचे नाव), पुणे.*

*विषय: जनरल रजिस्टरमधील जन्मतारखेच्या नोंदीतील लेखनदोष दुरुस्त होण्यासाठी प्रस्ताव पाठविणेबाबत.*

*महोदया,*

*माझी मुलगी कु. (पूर्ण नाव) आपल्या शाळेत इयत्ता ९ वी, तुकडी (…) मध्ये शिकत असून तिचा जनरल रजिस्टर क्रमांक (…) आहे. तिची जन्मतारीख १९ जून २०१० (एकोणीस जून दोन हजार दहा) आहे. आपल्या रजिस्टरमध्ये मात्र ती ११ जून २०१० (अकरा जून दोन हजार दहा) अशी नोंदली गेली आहे.*

*इयत्ता ५ वीच्या प्रवेशावेळी सादर केलेला प्राथमिक शाळेचा मूळ दाखला आपल्या दप्तरी आहे. त्यावर जन्मतारीख अंकी व अक्षरी १९ जून अशीच आहे. दाखल्यावरील ९ हा अंक १ असा वाचला गेल्याने नोंद चुकली असल्याचे दिसून येते. पालक म्हणून आम्ही प्रवेशाच्या वेळी वेगळी तारीख दिलेली नव्हती.*

*तरी कृपया मूळ दाखल्याशी नोंद पडताळून, दुरुस्तीच्या मान्यतेसाठी प्रस्ताव मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, पुणे यांच्याकडे पाठवावा, ही विनंती.*

*सोबत: १. महापालिकेचा जन्मदाखला २. प्राथमिक शाळेचा प्रवेश निर्गम उतारा ३. पालकाचे प्रतिज्ञापत्र ४. आधारची प्रत.*

*आपली विश्वासू, (सही, नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक, दिनांक)*

यातल्या तीन गोष्टी मी मुद्दाम केल्या. दोन्ही तारखा, चुकीची आणि बरोबर, अंकी आणि अक्षरी लिहिल्या. वाचणाऱ्याला तिथेच कळतं की चूक एका अंकाची आहे. दुसरं, "पालक म्हणून आम्ही वेगळी तारीख दिलेली नव्हती" हे वाक्य. वर बसलेल्या अधिकाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो, की ही तारीख आली कुठून. आणि आधार शेवटी ठेवलं. जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार धरता येत नाही, हे आधार देणारी संस्थाच सांगते. ते जोडलं ते फक्त सगळीकडे एकच तारीख आहे हे दिसावं म्हणून. मुख्य कागद दोनच, जन्मदाखला आणि उतारा.

पत्राच्या दोन प्रती काढल्या. एक शाळेला दिली, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. पहिलं पत्र मी नुसतंच हातात दिलं होतं, त्याची कुठेच नोंद नव्हती. आवक क्रमांक असला की दोन आठवड्यांनी विचारायला गेल्यावर "कुठलं पत्र?" असा प्रश्न येत नाही.

मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः दाखला आणि रजिस्टर शेजारी ठेवून पाहिलं आणि शिफारसपत्रात तसं लिहिलं, की मूळ दाखल्याशी पडताळणी केली असता नोंद लेखनदोषामुळे चुकल्याचे आढळले. रजिस्टरच्या त्या पानाची आणि मूळ दाखल्याची साक्षांकित प्रत जोडली. ती एक ओळ आमच्या दहा पानांपेक्षा मोलाची होती. त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

प्रस्ताव एकदा परत आला. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर मुलीचं नाव होतं, पण उताऱ्यावर वडिलांचं नाव पूर्ण आणि जन्मदाखल्यावर आद्याक्षर होतं, म्हणून ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्रात नमूद करायला सांगितलं. ते करून पुन्हा पाठवलं. मान्यतेचा आदेश शाळेकडे आला तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली होती.

दुरुस्ती कशी करतात ते मला पाहायचं होतं, म्हणून गेले. रजिस्टरमध्ये आधीचा आकडा खोडरबराने किंवा पांढऱ्या शाईने पुसत नाहीत. "११" वर लाल शाईची एक बारीक रेघ, जुनं अक्षर वाचता येईल अशी. वर "१९". अक्षरी रकान्यात तसंच. शेरा रकान्यात आदेशाचा क्रमांक आणि तारीख, खाली मुख्याध्यापिकांची सही. मी विनंती केल्यावर त्यांनी त्या पानाचा फोटो काढू दिला. तो आणि आदेशाची प्रत मी मुलीच्या फाईलमध्ये ठेवली आहे.

शाळेने मग पोर्टलवरची तारीख बदलली. पंधरा दिवसांनी अपार आयडी तयार झाला. दहावीच्या बोर्डाच्या अर्जाची प्री-लिस्ट घरी सहीसाठी आली तेव्हा लेकीने जन्मतारखेच्या रकान्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "एकोणीस, सहा, दोन हजार दहा", आणि मग खाली सही केली.