एका 'अतिवृष्टी'साठी सतरा दिवस

शेती आणि बदलतं हवामान यावरच्या पाऊण तासाच्या एका माहितीपटाचं निवेदन इंग्रजीतून मराठीत करायचं काम मागच्या वर्षी माझ्याकडे आलं. प्रेक्षक ठरलेले होते: तासगाव, खानापूर, आटपाडी या बाजूची गावं, समाजमंदिरात पडदा लावून दाखवायचं. मी विट्याची, त्यामुळे भाषेची चिंता नव्हती. चाळीस मिनिटांचं निवेदन नऊ दिवसांत झालं. उरलेले सतरा दिवस एका वाक्यात गेले, आणि त्याचा राग अजून माझ्या मनात आहे.

वाक्याचा अर्थ साधा होता. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिप्पट झाल्या. हा आकडा ज्या अभ्यासातला आहे, त्यात असा पाऊस म्हणजे दिवसाला १५० मिलिमीटर किंवा जास्त. मी सहज लिहून टाकलं, 'मध्य भारतात अतिवृष्टी तीन पटींनी वाढली.'

या सहा शब्दांत तीन चुका होत्या. त्यातल्या दोन मला तासगावकडच्या एका गावात कळल्या. पक्कं करण्याआधी मसुदा मी आठ-दहा जणांना मोठ्यानं वाचून दाखवत होते. एका द्राक्षबागायतदारांनी लगेच हात वर केला.

"ताई, अतिवृष्टी म्हणजे ६५ मिलिमीटरची का? त्याचे पंचनामे होतात ती?"

बरोबर होतं त्यांचं. आपल्याकडे अतिवृष्टी हा शब्द आता पावसाचा राहिलेला नाही, तो भरपाईचा झाला आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी, आणि मग तलाठी, पंचनामा, यादीत नाव. माहितीपटातला पाऊस त्याच्या दुपटीपेक्षा मोठा. मी तोच शब्द वापरला असता तर पडद्यावर एक पाऊस आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात दुसराच पाऊस, असं झालं असतं.

दुसरी चूक त्याच बैठकीत एका मावशींनी दाखवली. "तीन पट पाऊस वाढला म्हणता, मग आमच्या विहिरीला पाणी का न्हाई?" त्यांनी ऐकलं ते मी लिहिलंच होतं. वाढली होती ती अशा कोसळणाऱ्या पावसांची संख्या. त्या पट्ट्यातला पावसाळ्याचा एकूण पाऊस वाढलेला नव्हता. मूळ वाक्यात 'घटना' हा शब्द आहे, मी तो जड वाटतो म्हणून गाळला आणि अर्थच गेला. तिसरी चूक घरी येऊन हिशोब करताना सापडली. 'तीन पटींनी वाढ' म्हणजे मूळचा एक अधिक तीन, चौपट. म्हणायचं होतं तिप्पट. तुम्हीही आकडे उतरवत असाल तर हे डोक्यात ठेवा: तिप्पट होणं म्हणजे २०० टक्क्यांची वाढ, ३०० ची नव्हे.

मग मी वाक्य पुन्हा बांधलं आणि मंजुरीसाठी पाठवलं. इथून सतरा दिवस सुरू झाले. मजकूर तपासणारे गृहस्थ हवामानाचे जाणकार होते, यात शंका नाही. पण त्यांचं पहिलं उत्तर आठव्या दिवशी आलं आणि त्यात 'अतितीव्र पर्जन्य घटना' असा दुरुस्त शब्द होता. मी तो मावशींना फोनवर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "घटना म्हंजी अपघात झाला का कुठं?" मी हे तसंच कळवलं. पुढचं उत्तर आणखी चार दिवसांनी, की लोकांना जवळचं वाटावं म्हणून 'मध्य भारतात' ऐवजी 'आपल्याकडे' लिहा. ते मी ठाम नाकारलं. आकडा त्या पट्ट्याचा आहे, आटपाडीचा नाही. माण-आटपाडीचा शेतकरी आपल्या पावसाची नोंद स्वतः पाहतो; एक आकडा खोटा निघाला की पुढचे चाळीस मिनिटं तो कुणाचंच ऐकणार नाही.

मिलिमीटरवर मात्र मला अडवणारं कुणी नव्हतं, ती अडचण माझीच होती. दीडशे मिलिमीटर म्हणजे किती, हे पर्जन्यमापक बघणाऱ्याला कळतं, बाकीच्यांना फक्त मोठा आकडा ऐकू येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, म्हणजे एक मिलिमीटरला गुंठ्यावर शंभर लिटर, अर्धा बॅरल. दीडशे मिलिमीटरला पंधरा हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर आपल्या सगळ्यांच्या पाहण्यातला, म्हणून गुंठ्याला दीड टँकर. एकराला करायचं तर साठ टँकर होतात, पण साठ टँकर कुणी एका जागी पाहिलेले नाहीत. गुंठ्यावर उभं राहून बघता येतं.

हे सगळं मूळ निवेदकाच्या अकरा सेकंदांत बसत नव्हतं. मराठी निवेदन शांतपणे वाचायचं तर सेकंदाला जेमतेम दोन शब्द धरावेत. सुदैवानं पुढे सहा सेकंदांचं नुसतं पाण्याचं दृश्य होतं, ते मी मागून घेतलं. शेवटी वाक्य असं झालं: 'मध्य भारतात मोठ्या मुलखावर एकाच दिवशी दीडशे मिलिमीटरच्या वर कोसळणारे पाऊस. १९५० च्या सुमारास असा एक यायचा, तिथं २०१५ पर्यंत तीन येऊ लागले. एकूण पाऊस वाढला नाही. पण असा एक पाऊस गुंठ्याला दीड टँकर पाणी ओततो.'

आता आठवलं म्हणून सांगते, 'कर्ब' या शब्दाचाही असाच घोटाळा झाला होता. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब कमी आहे, वाढवा, असं शेतकऱ्याला वर्षानुवर्षं सांगितलं जातं. माझ्या पहिल्या मसुद्यात हवेतला कर्ब कमी करा, असं होतं. एका तरुणानं विचारलं, नक्की काय करायचं, वाढवायचा का कमी करायचा? तेव्हापासून मातीतला तो 'सेंद्रिय कर्ब' आणि हवेतला तो 'कार्बन डायऑक्साइड वायू', असं पूर्ण नावानंच लिहिलं. शब्द लांब झाले, पण त्यानंतर कुणी अडखळलं नाही. निवेदकासाठीच्या प्रतीत आकडे अक्षरात लिहिले, तेही बरं झालं. दीड, अडीच असं वाचलं जातं, 'एक पूर्णांक पाच' कानाला परकं लागतं.

सतराव्या दिवशी मंजुरी आली, एका ओळीची. मावशींच्या गावातच पहिलं प्रदर्शन ठेवलं होतं. ते वाक्य आलं तेव्हा मी पडद्याकडे न बघता लोकांकडे बघत होते. पुढच्या रांगेतले एक आजोबा बोटांवर काहीतरी मोजत होते. संपल्यावर ते जवळ आले. "माझं तीस गुंठं हाय. पंचेचाळीस टँकर झालं की." मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, एवढं पाणी एका दिवसात आलं तर बांध टिकेल का, आणि तिथंच आमचं चर आणि बांधबंदिस्तीवर बोलणं सुरू झालं.