"कपॅसिटी वाढली!"

मित्र आज सहज म्हणाला, "पूर्वी एका पेगमध्ये डोकं शांत व्हायचं. आता तीन लागतात." आणि वर हसून, "कपॅसिटी वाढली!"

ते हसणंच दिवसभर डोक्यात राहिलं.

कारण ही ताकद नव्हेच. रोज संध्याकाळी दारू मिळायला लागली की तिच्या गुंगीला तोल म्हणून मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. मग तेवढ्या दारूने भागत नाही. आणि दारू उतरली तरी ती वाढीव उत्तेजना मागे उरतेच. पहाटे तीनला जाग, धडधड, घाम, संध्याकाळी सात वाजत आले की चिडचिड. तो याला कामाचा ताण म्हणतो. त्यातला कामाचा किती आणि कालच्या ग्लासाचा किती, कोण सांगणार?

"उद्यापासून बंद कर" हे ओठांवर आलं होतं, गिळलं. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. सकाळी हात थरथरत असतील तर आधी डॉक्टर, मग निश्चय.

म्हणून एवढंच विचारलं, "या आठवड्यात एक संध्याकाळ न पिता जमेल?"

"जमेल की," तो लगेच म्हणाला. मग जरा थांबून, "पण कुठली?"