कानाला मराठी, डोळ्यांना हिंदी

‘मराठी मजकूर तयार आहेच, मग त्याचंच हिंदी करून का देत नाही? दोनदा लिहिण्याचे वेगळे पैसे कशाला?’

दुकानांसाठी मराठी-हिंदी व्हिडिओंचा मजकूर लिहिते, तेव्हा मला हा प्रश्न विचारला जातो. उत्तर म्हणून डोंबिवलीतल्या एका पिठाच्या गिरणीचं काम सांगते. गिरणी चालवणाऱ्या काकू थालीपिठाची भाजणी करून विकतात. जुनी गिऱ्हाइकं मराठी, पण मागच्या नव्या इमारतींत उत्तरेकडची कुटुंबं बरीच आली आहेत. दोघांनाही कळेल असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ त्यांना हवा होता. मी मराठी निवेदन लिहिलं आणि पडद्याच्या तळाला, मजकुराच्या पट्टीत, त्याचंच शब्दाला शब्द हिंदी टाकलं. भाजणीला हिंदीत शब्द सापडेना, म्हणून ‘ताज़ी भाजणी’ तशीच ठेवली. मागे दुकानाची पाटी दिसत होती, तिच्यावर ठळक ‘पीठ’.

चार दिवसांनी एक बाई गिरणीत आल्या आणि त्यांनी विचारलं, ‘भाजी कितने बजे मिलेगी?’ त्यांनी भाजणीची भाजी वाचली होती. ‘पीठ’ म्हणजे तर हिंदीत पाठ. त्यांचं काही चुकलं नव्हतं, चूक माझी होती. दोन्ही भाषांची लिपी एक असल्यामुळे वाचणाऱ्याला भाषा बदलल्याची जाणीवच होत नाही. अनोळखी शब्द दिसला की तो आपल्या भाषेतला जवळचा शब्द धरून पुढे जातो. म्हणून हिंदी पट्टी लिहिताना मराठी वाक्य समोर ठेवायचंच नाही, समोर त्या बाईंना ठेवायचं. त्यांना काय ठाऊक नाही? भाजणी म्हणजे काय, हेच. मग पट्टी झाली: ‘थालीपीठ का आटा। भुना अनाज, भुनी दालें, रोज़ सुबह ताज़ा पिसा।’ आणि ‘भुना’ हा शब्द येतो तेव्हाच चित्रात कढईतली ज्वारी परतली जाते. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नसते, त्याला एवढंच पुरतं: ‘भाजायला वेळ नाही? आम्ही रोज सकाळी भाजून दळतो.’

एकाच व्हिडिओत आधी मराठी बोलून मग तेच हिंदीत बोलावं, असं काकूंचं म्हणणं होतं. करून पाहिलं. अर्ध्या मिनिटाचं एक मिनिट झालं, आणि निम्मा वेळ कुणीतरी आपल्याला न लागणारं ऐकत बसलेलं. तेव्हा कानाला एक भाषा आणि डोळ्यांना दुसरी, असं ठरवलं. पण पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात. मराठी घरातल्या माणसाला तेव्हा फक्त हिंदी पट्ट्या दिसतात, आणि डोंबिवलीतल्या दुकानाने मराठीत बोलू नये हे त्याला लागतं. मला स्वतःलाही लागतं. म्हणून त्याच चित्रांवर दोन प्रती केल्या: एकीत मराठी आवाज आणि हिंदी पट्ट्या, दुसरीत हिंदी आवाज आणि मराठी पट्ट्या. भाजणीचं नाव आणि भाव मात्र दोन्हींत चित्रावरच कायम.

भाव आकड्यात लिहायचा, कारण संख्या बोलताना दोन भाषा फार लांब जातात. काकू ‘अर्धा किलो दीडशे’ म्हणतात तेव्हा नव्याने इथे आलेल्या हिंदी माणसाला ‘दीड’ कळत नाही, त्याचा ‘डेढ़’ असतो. पडद्यावर ‘१५० रुपये’ दिसलं की दोघांचं भागतं.

अर्ध्या मिनिटात मराठीचे साधारण साठ-पासष्ट शब्द निवांत बसतात. हिंदीत शब्दांची संख्या वाढते, कारण आपलं ‘दुकानात’ तिथे ‘दुकान में’ होतं आणि ‘घरच्यांसाठी’चं ‘घरवालों के लिए’. म्हणून हिंदी मजकूर आधी मोठ्याने वाचून वेळ मोजते आणि चित्रांचे तुकडे त्याच्या मापाने कापते. पट्टीची कसोटी सोपी आहे: ती पडद्यावर आहे तोवर घाई न करता एकदा मोठ्याने वाचून झाली पाहिजे. नाही झाली, तर शब्द कापायचे, अक्षरं बारीक करायची नाहीत.

सगळ्यात जपावं लागतं ते ‘आपलं’. ‘आपलं दुकान’ म्हणताना मराठीत गिऱ्हाईकही त्यात येतं. घाईत त्याचं ‘आपकी दुकान’ केलं, तर दुकान गिऱ्हाइकाच्याच मालकीचं होतं. मी ‘आपके मोहल्ले की चक्की’ लिहिलं. ओळ वेगळी झाली, पण जवळीक राहिली.

शेवटी दोन्ही प्रती आवाज बंद करून गिरणीत कामाला असलेल्या जौनपूरच्या मुलाला दाखवल्या आणि काय विकतात, भाव किती, फोन कुठे करायचा, एवढंच विचारलं. पहिली दोन उत्तरं त्याने लगेच दिली. तिसऱ्याला अडला. शेवटच्या चित्रावर मराठीतलं ‘नंबर खाली’ हिंदी पट्ट्यांच्या प्रतीतही तसंच राहिलं होतं. तो म्हणाला, ‘दीदी, नंबर खाली क्यों है?’ खाली म्हणजे त्याच्या भाषेत रिकामा. तो शब्द काढला. आता तिथे फोनचं चित्र आहे आणि शेजारी नंबर.