तुम्ही विचारलंत म्हणून : कुणाच्या कामाचे दिवस?

"ताई, डिझाइन इतकं झकास आहे, मग खाली ते सरकारी परिपत्रक कशाला? दोन खुसखुशीत ओळी टाका ना!"

मी ऑनलाइन विकते त्या मराठी अक्षरांच्या टी-शर्टांखालचं लांबलचक कॅप्शन बघून हे विचारलं जातं. टाकल्या असत्या खुसखुशीत ओळी. पण खुसखुशीत ओळ शर्टावरच आहे की. 'आलोच, पाच मिनिटांत' असं छातीवर लिहिलेलं दिसल्यावर खाली आणखी विनोद करायला गेलं, तर माणूस हसतो आणि पुढे सरकतो. मग रात्री अकरा वाजता मेसेज सुरू होतात. एक्सएल आहे का? कापड कसंय? परवा मिळेल? या तीन प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवली, तर त्याला परिपत्रक म्हणतात. नाही लिहिली, तर 'माहितीच देत नाहीत' म्हणतात.

सुरुवातीला मीही तुमच्याच बाजूची होते. अक्षरं मी काढलेली, शिरोरेखा मी वाकवलेली. त्याखाली 'सर्व मापांत उपलब्ध, लवकरच घरपोच' एवढं पुरे, असं वाटायचं. ते मला आजही पूर्ण खोटं पाडता येत नाही. लांब कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळीच समोर दिसतात, बाकी सगळं 'आणखी'च्या मागे जातं, आणि तिथे फार कमी लोक जातात. हे खरंच आहे.

पण मापाचं घ्या. 'मी चाळीस घालतो,' असं कुणी सांगितलं की मला काहीच कळत नाही. शर्टाच्या दुकानातला चाळीस नंबर त्या कंपनीच्या हिशोबाचा असतो. तो शर्ट आडवा टाकून छाती मोजली तर चाळीसच्या बरीच वर भरते. माझ्याकडचा एम म्हणजे खुद्द टी-शर्टाची छाती चाळीस इंच. ज्याची स्वतःची छाती चाळीस आहे त्याने तो घातला, तर 'पाच मिनिटांत' हे शब्द छातीवर ताणले जातात आणि अक्षरांची लय बिघडते. म्हणून मी लिहिते: तुमचा सगळ्यात आवडता टी-शर्ट पलंगावर सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा, येईल त्याची दुप्पट करा. वीस आले तर एम, एकवीस आले तर एल. यात कंटाळवाणं काय आहे? आणि हे मी तुमच्यापेक्षा माझ्यासाठी जास्त लिहिते. माझ्याकडे गोदाम नाही. तुम्ही ऑर्डर दिल्यावरच छापणारी कंपनी एक शर्ट उचलते आणि छापते. माप चुकलं म्हणून तो परत आला, तर कोऱ्या शर्टांच्या ढिगात परत जाऊ शकत नाही. बदलून दिला तर दुसरा शर्ट पूर्णपणे माझ्या खिशातून जातो.

कापडाबद्दलही तसंच. '१८० जीएसएम' वाचून कुणी विचारतं, २४० का नाही, जाड म्हणजे चांगलं ना? जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, दर्जा नव्हे. २४० चा ढगळ शर्ट डिसेंबरात पुण्यात मस्त वाटतो. तोच मे महिन्यात नागपुरात घालून बघा. आणि हो, मी काळ्या-पांढऱ्यावर 'शंभर टक्के सुती' लिहिते आणि राखाडीवर लिहीत नाही, हेही कुणीतरी पकडलं होतं. त्या ठिपकेदार राखाडीला धंद्यात मेलांज म्हणतात. त्यात सुताबरोबर बहुतेक वेळा थोडं पॉलिस्टर किंवा व्हिस्कोस मिसळलेलं असतं आणि त्यानेच तो धुरकट रंग येतो. सगळ्या रंगांखाली एकच 'प्युअर कॉटन' लिहिणारे पुष्कळ आहेत. माझं राखाडीकडे बारीक लक्ष असतं, कारण राखाडीनेच मला धडा दिला. तो किस्सा सांगितल्याशिवाय तुम्हाला माझं कॅप्शन कळणार नाही.

२०२५ चा फेब्रुवारी. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या मराठी विभागाला २७ तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी चौदा टी-शर्ट हवे होते. नऊ काळे विद्यार्थ्यांना, पाच राखाडी प्राध्यापकांना. विभागातल्या एका बाईंनी १७ तारखेला, सोमवारी संध्याकाळी, पैसे भरून ऑर्डर दिली. कॅप्शनमध्ये तेव्हाही स्पष्ट लिहिलं होतं: 'छपाई आणि घरपोच मिळून सात ते नऊ कामाचे दिवस'. बाईंनी सरळ बेरीज केली. सतरा अधिक नऊ, सव्वीस. एक दिवस हातात.

आता माझ्या बाजूचा हिशोब. सोमवारी संध्याकाळची ऑर्डर म्हणजे मोजणी १८ पासून. १९ ला शिवजयंती, सुट्टी. २० आणि २१ कामाचे. २२ आणि २३ शनिवार-रविवार, छपाई बंद. २४ आणि २५ कामाचे. २६ ला महाशिवरात्र, पुन्हा सुट्टी. म्हणजे २५ ला संध्याकाळी फक्त पाच कामाचे दिवस भरले होते. नववा दिवस पडत होता थेट ४ मार्चला.

काळे नऊ शर्ट आधी छापून झाले आणि २५ लाच पोहोचले. राखाडी पाचांचं मात्र कंपनीकडे एल माप संपलं होतं. संपलंय, हे त्यांच्या पडद्यावर ऑर्डर घेताना दिसत नव्हतं. नंतर फक्त 'प्रक्रियेत' एवढंच दिसत राहिलं. मी फोन केले, प्रत्येकाने 'आज निघेल' सांगितलं. पार्सल २५ च्या संध्याकाळी निघालं. २७ ला सकाळी बाईंचा फोन आला. मी माझा तारखांचा सगळा हिशोब त्यांना ऐकवला. सुट्ट्या, शनिवार, सगळं. आवाजही थोडा चढला असेल माझा. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मी थांबल्यावर म्हणाल्या, "मॅडम, कामाचे दिवस म्हणजे कुणाच्या कामाचे? आमचं कॉलेज शनिवारी चालू असतं."

पाच शर्ट १ मार्चला पोहोचले. दिलेल्या मुदतीच्या आत, बरं का. कार्यक्रमाचा फोटो मात्र मला आधीच आला होता: विद्यार्थी पुढे, छातीवर 'आलोच, पाच मिनिटांत', आणि मागे साध्या साड्या-शर्टांतले त्यांचे पाच प्राध्यापक. मला हसूही आलं आणि मी फोन उपडा ठेवला.

पाच शर्टांचे पैसे मी परत दिले. त्यावरून घरी वाद झाला, कारण नियमाने द्यायला नको होते. मी आजही म्हणते, मी लिहिलेलं खरं होतं. आणि तरी त्यांना हवी ती माहिती त्यात नव्हती, हेही खरं आहे. शिवजयंतीला छपाईचा कारखाना बंद असतो आणि शनिवारी यंत्र चालत नाही, हे त्यांनी कुठून ओळखावं? ते मला माहीत असतं. मग बेरीज त्यांच्यावर का सोडायची?

तेव्हापासून मी दिवस लिहीत नाही, तारीख लिहिते. नव्या मालाचं कॅप्शन असं गेलं:

"आलोच, पाच मिनिटांत. (शर्टाला जास्त लागतात.) २७ फेब्रुवारीला अंगात हवा असेल तर १० फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत ऑर्डर द्या. नंतरची ऑर्डर घेऊ, पण २७ चा शब्द देणार नाही.

माप म्हणजे शर्टाची छाती, इंचांत: एस ३८, एम ४०, एल ४२, एक्सएल ४४, डबल एक्सएल ४६. एमची लांबी २८, पुढे प्रत्येक मापाला एक इंच जास्त. दोन मापांत अडलात तर मोठं घ्या. पहिल्या धुण्यात थोडं आटतं.

कापड १८० जीएसएम, बायोवॉश करून मऊ केलेलं. काळा आणि पांढरा शंभर टक्के सुती, राखाडीत मिश्रण आहे. उलटा करून गार पाण्यात धुवा, छपाईवर इस्त्री फिरवू नका. किंमत ५९९, कर आणि घरपोच खर्च धरून. एका ऑर्डरचे शर्ट वेगवेगळ्या पार्सलांत येऊ शकतात."

शेवटचं वाक्य त्या राखाडी पाचांचं आहे. पहिली ओळ तुमच्यासाठी, म्हणजे खुसखुशीतवाल्यांसाठी. आणि शर्टावरचा मजकूर कॅप्शनमध्ये पुन्हा टाइप करण्याचं कारण वेगळं: चित्रातली अक्षरं शोधात सापडत नाहीत, आणि ज्यांना दिसत नाही म्हणून फोन वाचून दाखवतो त्यांना बहुधा नुसतं 'चित्र' एवढंच ऐकू येतं.

इस्त्रीचं वाक्यही उगाच नाही. ही छपाई फिल्मवरून गरम दाबाने कापडावर चिकटवलेली असते, कापडात मुरलेली नसते. इस्त्री थेट फिरली की थर वितळून चिकटतो. धुण्यात सगळ्यात आधी सुटतात ते एकटे पडलेले बारीक तुकडे, आणि आपल्या लिपीत असा तुकडा म्हणजे अनुस्वार. बाकी सगळं शिरोरेखेला लटकलेलं असतं, टिंब तेवढं अधांतरी. म्हणून 'मिनिटांत'वरचं टिंब मी मुद्दाम जाड ठेवलंय, सौंदर्याला थोडी मुरड घालून. ते गळलं तर कापडाची तक्रार येणार नाही, शुद्धलेखनाची येईल, आणि ती जास्त कडक असते.

आता तारखेच्या बाजूने सगळं गोड झालंय, असं समजू नका. दहा तारखेची मुदत वाचून लोक परत जातात; 'तीन दिवसांत घरपोच' म्हणणारे दुसरीकडे आहेतच, त्यांचं पोहोचतं की नाही ते त्यांनाच ठाऊक. तारीख उलटली की कॅप्शन शिळं होतं आणि मला बसून बदलावं लागतं. शिवाय मी दिलेल्या तारखेसाठी मी जबाबदार, पण ती पाळणं छापणाऱ्याच्या आणि कुरियरच्या हातात. 'कामाचे दिवस' लिहिलं की ते ओझं अर्धं तुमच्यावर जायचं. आता सगळं माझ्यावर आलंय, आणि कधीकधी मला ते जुनं, गुळगुळीत 'सात ते नऊ' फार आठवतं.

सध्या १ मेचं कॅप्शन लिहितेय. अक्षरं तयार आहेत, तारीख उलटी मोजून काढलीय: गुड फ्रायडे, आंबेडकर जयंती आणि सगळे शनिवार-रविवार वजा करून. राखाडी ठेवावा की काढून टाकावा, तेवढं ठरत नाहीये. छापणारे म्हणतात, एल भरपूर आहे. मी विचारलं, किती? तर म्हणाले, "भरपूर."