या वर्षी पावलं मी काढली

आमच्याकडे महालक्ष्म्या तीन दिवसांच्या. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. या तीन दिवसांत घरातल्या प्रत्येक बाईचं काम ठरलेलं असतं. पुरुष मखराला खिळे ठोकतात, विजेच्या माळा लावतात आणि पंगतीत बसतात. त्यामुळे माझ्यासारखीला घरी परतायला याहून अवघड सण नाही. दिवाळीत कोणीही कुठंही बसून फराळ खाऊ शकतं. महालक्ष्म्यांच्या वेळी मात्र तुम्ही घरात कुठं उभ्या आहात, यावरून तुम्ही कोण ते ठरतं.

मी पुण्यात नोकरी करते. जन्मले तेव्हा घरच्यांनी मुलाचं नाव ठेवलं होतं. हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या, अंगात बदल दिसू लागले, तसं माझं गावी जाणं कमी होत गेलं. आधी ढगळ शर्ट घालून, केस मागे बांधून जायचे. पुढं तेही बंद झालं. आईला सगळं माहीत होतं. बाबांना माहीत होतं, पण तो विषय कधी निघायचा नाही. आजीला मात्र कोणी काही सांगितलं नव्हतं. तिचं वय झालंय, तिला सोसवणार नाही, असं घरात ठरलं होतं. ठरवताना तिला कोणी विचारलं नव्हतं, हे वेगळं.

तिनं ते फोनवर ओळखलं. "घसा बसलाय का गं तुझा?" तिनं विचारलं. ते 'गं' सवयीनं आलं की मुद्दाम, ते मला आजही माहीत नाही. गोळ्यांनी आवाज बदलत नाही. एकदा फुटलेला आवाज फुटलेलाच राहतो. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे जाऊन, रोज आरशासमोर वाक्यं म्हणून म्हणून मी तो वर आणला होता. आजीला म्हटलं, घसा नाही बसला, असाच केलाय. आणि मग सगळंच सांगितलं. ती बराच वेळ ऐकत राहिली. नंतर विचारलं, गोळ्यांनी त्रास होतो का. होतो म्हटलं, एका गोळीनं सारखं लघवीला जावं लागतं. "मग एसटीत पाणी बेतानं पी," ती म्हणाली, "आणि महालक्ष्म्यांना ये."

तिनं येण्याचा दिवससुद्धा ठरवून दिला. आवाहनाच्या दिवशी नाही, आदल्या दिवशी. "सगळ्यांनी तुला आधी बघून घेऊ दे. काय बोलायचं ते त्या दिवशी बोलून होईल. देवीपुढं तमाशा नको." साडी नको, सलवार-कुडता घाल, म्हणाली. साडीचं ती नंतर बघणार होती. अशा परतण्याबद्दल मी मैत्रिणींकडून बरंच ऐकलं होतं, पण इतका कामाचा सल्ला कोणी दिला नव्हता. आमच्यातल्या बऱ्याच जणी सणाच्या दिवशीच दारात उभ्या राहतात. पाहुण्यांसमोर कोणी काही बोलणार नाही, हा त्यामागचा हिशेब. पण लोक बोलतात. आणि पाहुण्यांसमोर बोललेलं मागं घेता येत नाही.

एसटीत कंडक्टरनं तोंडाकडे बघून अर्धं तिकीट फाडलं. महिलांना अर्धं भाडं 2023 पासून आहे. मी आधारकार्ड हातात काढूनच बसले होते, ते तसंच पर्समध्ये ठेवलं.

दारात आजी उभी होती. तिनं भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं आणि म्हणाली, "ये माय." आमच्याकडे लेकीबाळींना 'माय' म्हणायची पद्धत आहे. मागं काकू उभी होती. ती काही न बोलता आत गेली. बाबा खुर्चीवर पेपर वाचत होते. पुढचा सगळा वेळ ते माझ्याशी 'चहा झाला का', 'प्रवास बरा झाला ना' अशाच वाक्यांत बोलले. आला की आली, हे ज्या वाक्यात सांगावं लागेल ते वाक्य त्यांनी उच्चारलंच नाही. चाळीसेक वर्षं कारकुनी केलेला माणूस. रात्री त्यांनी माझं प्रमाणपत्र मागितलं. 2019 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून तृतीयपंथी व्यक्तीचं ओळखप्रमाणपत्र मिळतं. मी ऑनलाइन अर्ज करून, प्रतिज्ञापत्र जोडून ते घेतलं होतं. त्यांनी चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, नाव आणि क्रमांक पुन्हा तपासला आणि म्हणाले, "लॅमिनेट करून घ्यायला पाहिजे." आजीनं त्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझं अंथरूण स्वतःच्या खोलीत, तिच्या शेजारी टाकत होती. घरात मी कुठं झोपायचं, हा प्रश्न दुसऱ्या कोणी काढायच्या आतच तिनं मिटवला होता.

खरा प्रश्न दुसऱ्या दिवशीचा होता. आवाहनाला ज्येष्ठा आणि कनिष्ठा यांचे मुखवटे तुळशीपाशी ठेवतात. तिथून ते दोन सुनांनी घरात आणायचे, थोरलीनं ज्येष्ठा, धाकटीनं कनिष्ठा. ही कामं आईची आणि काकूची. त्यात कोणी हात घालत नाही. एकीनं पुढं थाळी वाजवायची. आणि एकीनं तुळशीपासून मखरापर्यंत कुंकवाची पावलं काढत यायचं. पावलं घरातली लेक काढते. आत्या सासरी गेल्यापासून ते काम शेजारच्या कोणा मुलीला बोलावून उरकत होते.

"पावलं ही काढेल," आजी म्हणाली.

काकू तेव्हा बोलली, आणि तिनं आडून काही म्हटलं नाही, हे मला बरंच वाटलं. तिचं म्हणणं असं की मला घरात घ्यायला तिची ना नाही, पण देवीच्या कामात चूक झाली तर भोगायचं सगळ्या घरानं. गुरुजींना विचारलंय का? आजी म्हणाली, "गुरुजी उद्या पूजेला येणार. पावलं आज आहेत. पावलांना गुरुजी कधी लागले?" मग जरा थांबून, "महालक्ष्मीची कहाणी मी साठ वर्षं वाचतेय. तीत लेकीनं कसं असावं ते लिहिलंय आणि कोणी बाहेर राहावं ते लिहिलेलं नाही. ते आपण घातलंय."

हे ती का म्हणू शकली, ते माहीत असलेले घरात थोडेच होते. आजोबा गेल्यापासून आवाहनाच्या वेळी आजी मागच्या खोलीत बसायची. त्याआधी ज्येष्ठा तीच आणायची. पुरण कसं शिजवायचं, फुलोऱ्यात करंज्या किती, सोळा भाज्यांत कोणती कधी घालायची, हे सगळं तिच्याकडूनच आईला आलं. पण कुंकू गेलं आणि ती दाराआड गेली. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्या बातमीचं कात्रण तिनं पोथीत ठेवलेलं आहे. मला ते तिनं त्या रात्री दाखवलं. "एका गावानं केलं," एवढंच म्हणाली. कोणापुढं तिनं हा विषय काढल्याचं मला आठवत नाही. स्वतःसाठी ती कधी भांडली नाही.

पावलं काढायची रीत सोपी आहे. परातीत कुंकू कालवायचं, फार पातळ नाही, नाहीतर फरशीवर पसरतं. मूठ आवळून तिची करंगळीकडची कड त्यात बुडवायची आणि जमिनीवर टेकवायची. तळव्याचा आकार उमटतो. वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके. डाव्या मुठीनं डावं पाऊल, उजव्या मुठीनं उजवं. माझी अडचण वेगळीच होती. औषधांनी कातडी मऊ होते, केस बदलतात, हाडं बदलत नाहीत. माझे हात मोठे आहेत आणि चारचौघींत मी ते ओढणीखाली ठेवते. इथं तेच हात सगळ्यांसमोर, मुठी आवळून. पहिलं पाऊल उमटलं ते शेजारच्या मुलीनं काढलेल्या पावलांच्या दीडपट असेल. कोणीतरी खुसकन हसलं. आजी आतून म्हणाली, "बरोबर आहे. महालक्ष्मी म्हणजे काय पाळण्यातलं पोर आहे?"

ती आतून म्हणाली, म्हणजे माजघराच्या उंबऱ्यावरून. मागच्या खोलीतून ती तिथवर आली होती. आमच्यात आतल्या बाईनं विचारायचं असतं, कोण आलं, आणि बाहेरच्यांनी सांगायचं, महालक्ष्मी आली. हा प्रश्न गेली काही वर्षं दुसरंच कोणीतरी विचारायचं. या वेळी तो आजीनं विचारला. "कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी आली." काकूनं तोंड उघडलं आणि मिटलं, तिच्या हातात कनिष्ठेचा मुखवटा होता, तो घेऊन मध्येच थांबता येत नाही. मग धान्याची कोठी, कपाट, स्वयंपाकघर असं घर दाखवून देवी मखरात बसल्या.

पूजेच्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या. त्यांतल्या एकीनं ओळीनं कुंकू लावत येताना मला वगळलं आणि पुढचीला लावलं. मी खाली बघितलं. अशा वेळी काय करायचं ते आम्हाला सवयीनं येतं. आजी कोपऱ्यातून म्हणाली, "अगं, एक राहिली बघ." आवाजात राग नव्हता. पंगतीत कोणाला चटणी वाढायची राहिली की ती तशीच सांगते. त्या बाई मागं आल्या आणि मला कुंकू लावून गेल्या. मी मग करंडा घेऊन आजीपुढं गेले. तिनं मान हलवली. "मला नको. सवय गेली." मी आग्रह केला नाही.

विसर्जनानंतर देवींच्या अंगावरच्या साड्या उतरवतात आणि त्या घरातल्या बायकांना मिळतात. ज्येष्ठेची आईला, कनिष्ठेची काकूला, असं चालत आलेलं. आजीनं ज्येष्ठेची साडी माझ्यापुढं ठेवली, आईला विचारून. आईनंच ती मला नेसवली. निऱ्या कितीदा तरी घातल्या, कारण माझी कंबर आणि उंची यांचं गणित तिच्या हाताला बसेना. बाबा तेवढ्यात आत आले, थांबले, आणि म्हणाले, "पदर लांब सोडलाय." काकूनं मला सोळा गाठींचा दोरा दिला, पण गळ्यात बांधला नाही, हातात ठेवला. तो मी स्वतःच बांधला.

मार्गशीर्षात चुलतभावाचं लग्न आहे. पत्रिकेत करवली म्हणून माझं नाव घालायचं, असं आजीनं परवा फोनवर जाहीर केलं. काकूचं म्हणणं, मुलीकडच्यांना आधी सांगावं लागेल. हे मला गैर वाटत नाही. कोणी आणि कसं सांगायचं, यावर घरात अजून बोलणं चालू आहे, आणि छापखान्याला मजकूर या आठवड्यात द्यायचा आहे.