शाळेची फी दोनदा कट झाली, परत मिळेपर्यंतचा माझा अनुभव

जूनच्या १० तारखेला रात्री मुलीची पहिल्या टर्मची फी भरत होते, १८,७५० रुपये. शाळेच्या पोर्टलवर यूपीआय निवडलं, पिन टाकला आणि पान नुसतं फिरतच राहिलं, शेवटी 'पेमेंट पेंडिंग' आलं. दुसऱ्या दिवसापासून लेट फी होती म्हणून नऊ मिनिटांनी परत भरले, यावेळी पावती लगेच निघाली. सकाळी स्टेटमेंट बघते तर दोन्ही वेळेला पैसे गेलेले.

बँकेत फोन केला तर म्हणाले पाच दिवस थांबा, आपोआप येतील. हे खरं आहे, पण अर्धंच. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे की यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून कट झाले पण त्याच्याकडे कन्फर्मेशन गेलंच नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत यायला हवेत, उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई. हा नियम फेल झालेल्या व्यवहाराला आहे. माझे दोन्ही व्यवहार यशस्वी होते, म्हणजे पैसे शाळेकडे पोचले होते आणि शाळेने पाठवल्याशिवाय ते परत येणारच नव्हते. हे मला कोणी सांगितलं नाही, सहाव्या दिवशी अ‍ॅपमधून तक्रार टाकली तेव्हा 'व्यवहार यशस्वी, व्यापाऱ्याशी संपर्क करा' असं लिहून ती बंद झाली, तेव्हा कळलं. तुमच्या अ‍ॅपमध्ये दोन्हीपुढे सक्सेस दिसत असेल तर पाच दिवस वाट बघत बसू नका, त्याच दिवशी शाळेला मेल करा.

खरी अडचण शाळेच्या ऑफिसात. अकाउंट्सच्या सरांनी सॉफ्टवेअरमध्ये मुलीचं नाव टाकलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली, "मॅडम, एकच पावती आहे, आमच्याकडे एकदाच आलेत." मी स्टेटमेंट दाखवलं तर म्हणे बँकेत विचारा. बँक म्हणते शाळेत विचारा. असं तीन चकरा झाल्या, प्रत्येक वेळी अर्धा दिवस रजा, आणि तिसऱ्यांदा तर सरांनी शाळेच्या खात्याचं स्टेटमेंटच काढून दाखवलं की बघा, १८,७५० ची एंट्री यात एकसुद्धा नाही! एकसुद्धा नाही म्हणजे ज्याची पावती आहे ती पण नाही, तिथेच माझ्या लक्षात आलं की आपण चुकीच्या कागदात शोधतोय.

होतं असं की पालकांचे पैसे आधी पेमेंट गेटवेकडे, म्हणजे शाळेसाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या मधल्या कंपनीकडे जातात आणि गेटवे एका दिवसाची सगळी फी एकत्र करून, सहसा एक-दोन कामकाजाच्या दिवसांनी, एकच मोठी रक्कम शाळेच्या खात्यात टाकतो. म्हणून बँक स्टेटमेंटमध्ये कुठल्याच मुलाची फी वेगळी दिसत नाही. आणि पावती निघते ती गेटवेकडून शाळेच्या सॉफ्टवेअरला निरोप आला तर. माझ्या पहिल्या पेमेंटचा निरोप पोचलाच नव्हता, पैसे मात्र पोचले होते. हे दिसतं फक्त गेटवेच्या सेटलमेंट रिपोर्टमध्ये.

मग चौथ्यांदा गेले ती लेखी अर्ज घेऊन. त्यात मुलीचं नाव, इयत्ता, जीआर नंबर, दोन्ही व्यवहारांची तारीख, वेळ आणि यूटीआर म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी नंबर, कुठल्या यूटीआरची पावती मिळाली आणि कुठल्याची नाही, आणि एक स्पष्ट वाक्य: '१० जूनच्या पेमेंटचा गेटवे सेटलमेंट रिपोर्ट तपासावा'. सोबत स्टेटमेंटची प्रत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. सरांनी गेटवेचं लॉगिन उघडलं, पहिला यूटीआर टाकला आणि एका मिनिटात दिसलं, सक्सेस, सेटल्ड. तीन आठवडे मी जे सांगत होते ते त्या एका ओळीत होतं, राग पण आला आणि हायसं पण वाटलं.

रिफंडचं बटण दाबायचा अधिकार संस्थेच्या मुख्य ऑफिसला होता, त्यात चार दिवस गेले. हे आधीच विचारून घ्या. रिफंड टाकला की त्याचा नंबर मागून घ्या, कारण आमच्या सरांनी 'टाकला' म्हटल्यावर दोन दिवस काहीच आलं नाही, पण नंबर होता म्हणून बँकेत विचारता आलं. चौथ्या दिवशी १८,७५० त्याच खात्यात जमा झाले.

एक राहिलंच, मधे ऑफिसातून म्हणाले दुसऱ्या टर्मला अ‍ॅडजस्ट करू. चालत असेल तर करा, पण लेखी आणि यूटीआर घालून, तोंडी नको. आणि कार्डाने भरलं असेल तर शाळेचा रिफंड चालू असताना बँकेत चार्जबॅक, म्हणजे कार्डाचे पैसे परत मागायची तक्रार, टाकू नका, दोन्ही एकमेकांत अडकतात. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, पण ती बँकेविरुद्ध, शाळेविरुद्ध तिथे घेत नाहीत.

आणि पान अडकलं तर लगेच परत भरू नका, आधी बँकेचं स्टेटमेंट उघडा. पैसे गेलेले दिसले तर तो स्क्रीनशॉट त्याच रात्री शाळेला मेल करा, म्हणजे लेट फी लावली तरी तुमच्याकडे वेळेसकट पुरावा असतो.